तीस सेकंदांचं स्पॅनिश

तीस सेकंद हा आकडा आमचा नव्हता. क्लायंटच्या मुलीनं तो ठरवून दिला होता. मेक्सिकोत, ग्वादालाहारा शहरात तिच्या वडिलांचं हार्डवेअरचं घाऊक दुकान आहे. खिळे, स्क्रू, पाइप, कुलपं, रंग. त्याला शब्द 'फेर्रेतेरिया'. १९८४ साली वडिलांनी आणि आईनं मिळून सुरू केलेलं. चाळीस वर्षं झाली म्हणून एका हॉलमध्ये शनिवारी रात्री जेवण ठेवलं होतं आणि त्यात पुरवठादार, जुनी गिऱ्हाइकं, नातेवाईक अशा बारा जणांचे ध्वनिसंदेश वाजवायचे होते. दोन टोस्टच्या मध्ये एक संदेश. तीस सेकंद झाले की डीजे पुढचं गाणं सुरू करणार, हे तिनं आधीच सांगून ठेवलं होतं.

आम्ही पुण्यातून त्यांचं बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर सांभाळतो. पाच जणांची टीम. त्यात स्पॅनिश येणारा मी एकटा, आणि 'येणारा' म्हणजे दिल्लीच्या इन्स्टिट्यूटो सेर्वान्तेसचे ऑनलाइन वर्ग केलेला. मीटिंगमध्ये बोलू शकतो, पण भांडू शकत नाही. त्यामुळे मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. आवाज मात्र माझा द्यायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं. त्याचं कारण आमची टेस्टर, आणि अकरा वह्या.

दोन वर्षांपूर्वी हे लोक आमच्या सिस्टिमवर आले तेव्हा उधारीचा सगळा हिशोब मालकीणबाईंच्या वह्यांत होता. स्पॅनिशमध्ये वही म्हणजे 'लिब्रेता', उधारी म्हणजे 'फियादो'. मुलीनं अकरा वह्यांची पानं फोटो काढून पाठवली होती. प्रत्येक पानावर वर गिऱ्हाइकाचं नाव आणि खाली तीन रकाने: देबे, आबोनो, साल्दो. आपल्याकडचे नावे, जमा, बाकी. सांगलीच्या भुसार दुकानात वाढलेल्या आमच्या टेस्टरला स्पॅनिशचा एक शब्द येत नव्हता, पण ते पान तिनं पाच मिनिटांत वाचलं. मग तीन आठवडे बसून तिनं आणि अजून दोघांनी ते सगळं सिस्टिममध्ये भरलं. बाई सातच्या पोटात आडवी रेघ मारायच्या, म्हणजे एक आणि सात यांची गल्लत होत नसे. एखादं खातं फिटलं की पानावर एक तिरपी रेघ. शंका यावी असा आकडा अकरा वह्यांत फार तर वीस ठिकाणी निघाला. "काय अक्षर आहे बाईंचं," असं ती रोज एकदा तरी म्हणायची.

गेल्या वर्षी बाई वारल्या. त्यामुळे चाळीस वर्षांच्या जेवणाला त्या नव्हत्या, आणि त्यांच्याबद्दल बोलायचं की नाही, बोलायचं तर कसं, हा या तीस सेकंदांतला खरा प्रश्न होता. बाकी सगळं त्याभोवतीचं.

आमच्या अकाउंट मॅनेजरनं इंग्रजीत एक मसुदा पाठवला होता. सगळ्या कंपन्या पाठवतात तसा: संपूर्ण टीमतर्फे, हा महत्त्वाचा टप्पा, आमचे मोलाचे पार्टनर, पुढील वाटचालीस. त्याचं सरळ स्पॅनिश करून मोठ्यानं वाचलं तर बावन्न सेकंद होत होती. त्यात 'पार्टनर'साठी सगळ्यात आधी सुचणारा शब्द 'सोसियो', आणि सोसियो म्हणजे धंद्यातला भागीदार, हिस्सेदार. समोर भाऊ, पुतणे, जावई बसलेले असताना पुण्याहून कुणीतरी लाउडस्पीकरवर 'आमचे भागीदार' म्हणणार, हे मला बरं वाटेना. मसुदा बाजूला ठेवला.

स्पॅनिशचा वेळ शब्दांवर मोजण्यात अर्थ नाही, अक्षरांवर मोजावा. अक्षर म्हणजे आपण छंदात मोजतो ते, एका स्वराचा एक ठोका. इंग्रजीत काही अक्षरं गिळली जातात आणि काही लांबवली जातात. स्पॅनिशमध्ये जवळजवळ प्रत्येक अक्षराला सारखी जागा मिळते, आणि ती भाषा वेगात धावते. फ्रान्समधल्या ल्यों इथल्या भाषाशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये काही भाषांचा वेग मोजला होता. त्यात इंग्रजी सेकंदाला सुमारे सहा अक्षरं आणि स्पॅनिश जवळजवळ आठ. पण तो वेग मातृभाषा बोलणाऱ्यांचा. नवख्या माणसानं, हॉलमधल्या स्पीकरवर, सत्तरीच्या म्हाताऱ्याला कळेल असं बोलायचं तर सेकंदाला पाच अक्षरं पुष्कळ झाली. तीस सेकंदांतून सुरुवातीची आणि शेवटची शांतता आणि वाक्यांमधले श्वास मिळून सातेक सेकंद वजा केले. उरले तेवीस. तेवीस पंचे एकशे पंधरा. माझ्याकडे एकशे पंधरा अक्षरं होती, आणि त्यातली नऊ दोन माणसांच्या नावांत जाणार होती.

ती नावं मी इथे लिहीत नाही. पण नावाच्या आधी काय लावायचं, ते सांगण्यासारखं आहे. अकाउंट मॅनेजरच्या मसुद्यात 'मिस्टर' आणि आडनाव होतं. त्याचं शब्दशः 'सेन्योर' आणि आडनाव होतं, आणि ते बँकेच्या पत्रासारखं वाटतं. चाळीस वर्षं दुकान चालवलेल्या वयस्कर माणसाला मेक्सिकोत 'दोन' म्हणतात, आणि हा दोन पहिल्या नावाला लागतो, आडनावाला नाही. बाईंना 'दोन्या'. आपल्याकडचा 'राव' जसा वसंताला लागून वसंतराव होतो, कुलकर्णीराव होत नाही, तसंच. टीमला हे सांगितल्यावर सगळ्यांना लगेच पटलं. मिस्टर कुलकर्णी आणि वसंतराव यांतला फरक पुण्यात कुणाला समजावावा लागत नाही.

दुसरा प्रश्न 'तुम्ही'चा. मी ज्या पुस्तकातून शिकलो ते स्पेनचं. तिथे घरच्या, ओळखीच्या अनेक जणांना 'वोसोत्रोस' म्हणतात. मेक्सिकोत हा शब्द रोजच्या बोलण्यात नाहीच. अनेकांना उद्देशून एकच: 'उस्तेदेस', मग समोर पोरं असोत की पाहुणे. 'तुमचे इंजिनिअर' म्हणताना स्पेनच्या पद्धतीनं 'व्वेस्त्रोस' म्हटलं असतं तर ग्वादालाहारातल्या हॉलमध्ये ते पोथीतल्यासारखं वाटलं असतं. म्हणून साधं 'सुस'. तसंच कॉम्प्युटर. स्पेनमध्ये 'ओर्देनादोर', मेक्सिकोत 'कोम्पुतादोरा'. आणि स्पेनमध्ये ज्याचा उच्चार जिभेचं टोक दातांत धरून 'थ'सारखा करतात ते सगळं मेक्सिकोत सरळ 'स'. वर्गात तीन वर्षं 'ग्राथियास' म्हटलेलं, ते इथे 'ग्रासियास'. कुठल्या गावात ऐकलं जाणार हे ठरल्याशिवाय एक ओळही लिहिता येत नाही, हे मला या कामात नीट कळलं.

'इंजिनिअर' हा शब्द मात्र मी मुद्दाम ठेवला. मेक्सिकोत शिक्षणाची पदवी हाक मारायलाही वापरतात. वकील किंवा पदवीधर असेल तर 'लिसेन्सियादो', इंजिनिअर असेल तर 'इन्हेनिएरो', आणि सलगी वाढली की नुसतं 'इन्हे'. म्हातारे मालक कॉलवर आले की आम्हा पाचही जणांना 'इन्हे'च म्हणतात. नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, आणि आमच्या नावांचा उच्चार ते करूही नयेत असं आमच्या टेस्टरचं मत आहे.

मग शुभेच्छेचा शब्द. मला आधी 'आनिवेर्सारियो' सुचला. चुकीचा अजिबात नाही, दुकानांच्या पाट्यांवर सर्रास असतो. पण मेक्सिकोत माणसाच्या स्मृतिदिनालाही 'आनिवेर्सारियो लुक्त्वोसो' म्हणतात, म्हणजे दुखवट्याचा वार्षिक दिवस, आणि बाईंचा पहिला तसा दिवस पुढच्याच महिन्यात होता. मराठीत वर्धापनदिन आणि पुण्यतिथी हे दोन शब्द एकमेकांच्या जवळपासही फिरकत नाहीत. तिथे एक शब्द दोन्ही ठिकाणी येतो. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "चालेल, पण दुसरं काही असेल तर बरं." दुसरं होतंच. 'मूच्यास फेलिसिदादेस', म्हणजे खूप खूप अभिनंदन. वाढदिवस, लग्न, बारसं, दुकान, सगळ्याला चालतं.

आता गाभ्याची वाक्यं. आम्हाला या कुटुंबाबद्दल खास असं काय माहीत होतं? त्या वह्या. म्हणून वाक्य आलं: दोन वर्षांपूर्वी आम्ही दोन्या अमुक यांच्या वह्या कॉम्प्युटरवर घेतल्या. त्याच्या पुढे आमच्या लीडनं एक वाक्य सुचवलं होतं: त्यातून आम्हाला कळलं की कोण खिळे घेतं, कोण पैसे बाकी ठेवतं आणि कुणाला माफ केलं जातं. वाक्य सुंदर होतं. बाईंनी खरंच काही पानांवर बाकी असताना तिरपी रेघ मारली होती, आणि ती पानं कशी भरायची यावर आमची दोन दिवस चर्चा झाली होती. मला मात्र धाकधूक वाटत होती, म्हणून ते मुलीला आधी दाखवलं. तिचं उत्तर तिथल्या पद्धतीप्रमाणे व्हॉइस नोटमध्ये आलं. सुरुवातीची काही सेकंदं ती नुसती हसत होती. मग म्हणाली, "इन्हे, ज्यांची बाकी माफ झाली ते सगळे पहिल्या दोन टेबलांवर बसणार आहेत."

मेक्सिकोतल्या जुन्या दुकानांत एक पाटी असते: आज उधार नाही, उद्या मिळेल. 'ओय नो से फिया, मान्याना सी.' आपल्याकडच्या 'आज रोख, उद्या उधार'ची जुळी बहीण. यांच्या दुकानातही ती होती, आणि तिच्या खालीच बसून बाई उधारी लिहीत. वाक्य बदललं. नवीन वाक्य: तिथे आम्ही शिकलो, धंदा कसा चालवतात. त्यातून कुणाचं काही उघडं पडत नव्हतं, आणि ज्यांना कळायचं त्यांना कळलं असतं.

शेवटचं वाक्य बाईंना. गेलेल्या माणसाचं नाव घेतलं की स्पॅनिशमध्ये लगेच मागे 'के एन पास देस्कान्से' म्हणतात, शांती लाभो. आपण पत्रिकेत नावाआधी 'कै.' लिहितो, तसं ते बोलण्यात नावामागे येतं. ते न म्हणता नुसतं नाव घेणं घरच्यांना खटकतं. पण त्यानंतर काय? 'त्यांची आठवण येते' असं आम्ही म्हणू शकत नव्हतो, आम्ही त्यांना कधी पाहिलं नव्हतं. टेस्टरला विचारलं, "तुला त्यांना काय म्हणायचं असतं?" ती म्हणाली, "अक्षराबद्दल थँक यू म्हटलं असतं, दुसरं काय." ते मी जसंच्या तसं घेतलं. 'ग्रासियास पोर सु लेत्रा तान क्लारा': इतक्या स्वच्छ अक्षराबद्दल आभार. इथला 'सु' आदराचा. 'तु' म्हटलं असतं तर तो 'तू' झाला असता.

आणि मग हे वाक्य बोलायला माझा आवाज कशाला? ज्यानं त्या वह्या भरल्या नाहीत त्यानं अक्षराचं कौतुक करायचं, हे काही बरोबर नव्हतं. बोलणार टेस्टरच. तिला स्पॅनिश वाचता येत नव्हतं, म्हणून मला तो मजकूर देवनागरीत लिहावा लागला, आणि कामाचा निम्मा वेळ तिथे गेला.

मराठी माणसाला स्पॅनिश उच्चार सोपे जातात हे खरं आहे. पाच स्वच्छ स्वर: आ, ए, इ, ओ, उ. 'त' दातांवरचा, आपला तोच. इंग्रजीच्या सवयीनं आपण 'कॉम्प्युटर'मध्ये ट म्हणतो, पण समोर 'कोम्पुतादोरा' असं त घालून लिहिलं की जीभ आपोआप दातांवर जाते. 'र' आपला साधा. दुहेरी र मात्र थरथरवावा लागतो, आणि तो टाळण्यासाठी मी 'फेर्रेतेरिया' हा शब्दच मजकुरात घेतला नाही. इंग्रजी बोलणारे प आणि क मध्ये जी हवा सोडतात ती आपण सोडत नाही. इथवर देवनागरीनं काम सोपं केलं. पण देवनागरी मराठी माणूस वाचणार आहे, आणि तो मराठीसारखाच वाचणार, हे पहिल्या वाचनातच लक्षात आलं.

मी सुरुवातीला 'मूचास' असं लिहिलं होतं. तिनं वाचलं 'मूत्सास', आणि तिचं बरोबर होतं. मराठीत 'चा' दिसलं की आपण 'त्याचा', 'चाक' यांतला दंत्य च म्हणतो. 'चार'मधला च ओळखीच्या शब्दातच येतो. म्हणून 'मूच्यास'. 'नोचेस'ला काही करावं लागलं नाही, ए पुढे असला की च आपला आपण तालव्य होतो. 'फेलिसिदादेस'मधला फ फळातला नाही, फॅनमधला. त्याच्यावर एक टिंब दिलं. 'इन्हेनिएरोस'मधला ह जरा घशातून खरवडून काढायचा, पण ख करायचा नाही. त्याच्याखाली रेघ मारली. 'तोदा'मधला द दोन स्वरांच्या मध्ये आहे, तिथे जिभेनं दातांना नुसतं हुंगायचं, टेकायचं नाही. हे 'हुंगायचं' मी फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

आणि दोन. मजकुराच्या पहिल्याच ओळीत 'दोन' आणि पुढे मालकांचं नाव. "यांचे दोन आहेत का?" असं तिनं विचारलं. पुढे तिसऱ्या वाक्यात स्पॅनिशमधला खरा दोन येतो, तो 'दोस'.

सगळ्यात महत्त्वाचं अक्षर म्हणजे 'न्य'. वर्षं म्हणजे 'आन्योस'. लिहिताना `años`. n वरची ती लाट गेली की राहतं `anos`, आणि त्याचा अर्थ शरीराच्या ज्या भागाचं नाव मी इथे लिहीत नाही, त्याचं अनेकवचन. चाळीस वर्षांबद्दल अभिनंदन करताना हे घडणं म्हणजे काय, ते तुम्हीच बघा. आवाजाबरोबर मजकूर मोठ्या पडद्यावरही दाखवणार होते, म्हणून दोन्ही बाजूंनी सांभाळायचं होतं. फोनच्या कीबोर्डवर n दाबून धरला की ñ मिळतो. लॅपटॉपवर लोक आळस करतात. बोलण्यात मात्र आपल्याला काही धोका नाही. 'न्याहारी'तला न्या ज्याला येतो त्याला 'दोन्या' आणि 'आन्योस' येतात.

यानंतर उरला आघात, आणि तो देवनागरीत लिहायची सोयच नाही. स्पॅनिशमध्ये प्रत्येक शब्दात एका अक्षरावर जोर असतो आणि तो चुकला तर ऐकणारा क्षणभर अडखळतो. नियम सोपा आहे: शब्दाच्या शेवटी स्वर, न किंवा स असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, दुसरं व्यंजन असेल तर शेवटच्या, आणि हे मोडायचं असेल तिथे अक्षरावर तिरकी रेघ देतात. मराठीत जोराला असं काम नसतं, त्यामुळे आपण सगळं सपाट वाचतो. मी अवग्रह वापरला. 'अगंऽ'मधला ऽ. ज्या अक्षरावर जोर, त्याच्यापुढे ऽ. तो खूप लांबवला की स्पॅनिश गाण्यासारखं होतं, म्हणून 'अर्धाच ऽ' अशी सूचना वर लिहिली.

ऽ सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो चौथ्या वाक्यात. 'तिथे' याला स्पॅनिश शब्द आहे 'आई'. कागदावर तो हुबेहूब आपल्या आईसारखा दिसतो आणि मराठी माणूस पहिल्या अक्षरावर रेलून 'आऽई' म्हणतो. तसं म्हटलं की तो स्पॅनिश कानाला 'आय' ऐकू येतो, त्याचा अर्थ 'आहे', आणि वाक्य मोडतं. जोर शेवटी हवा: आईऽ. हाक मारतो तसा. हे सांगितल्यावर तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

पूर्ण कागद असा होता. नावांच्या जागी रेघा आहेत.

ब्वेऽनास नोऽचेस, दोन ——, इ आ तोऽदा ला फामिऽलिया.

लेसाऽब्लान सुसिन्हेनिएऽरोस दे पुणे, एन लाइऽन्दिया.

आऽसे दोसाऽन्योस पासाऽमोस आ ला कोम्पुतादोऽरा लास लिब्रेऽतास दे दोऽन्या ——.

आईऽ आप्रेन्दिऽमोस कोऽमो से येऽवा उन नेगोऽसियो.

मूऽच्यास फेलिसिदाऽदेस पोर सुस क्वारेऽन्ता आऽन्योस.

इ आ दोऽन्या ——, के एन पास देस्काऽन्से, ग्राऽसियास पोर सु लेऽत्रा तान क्लाऽरा.

अर्थ असा: शुभ संध्याकाळ, दोन अमुक, आणि सगळ्या कुटुंबाला. आम्ही तुमचे पुण्याचे, भारतातले इंजिनिअर बोलतोय. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोन्या अमुक यांच्या वह्या कॉम्प्युटरवर घेतल्या. तिथे आम्ही शिकलो, धंदा कसा चालवतात. तुमच्या चाळीस वर्षांबद्दल खूप अभिनंदन. आणि दोन्या अमुक, त्यांना शांती लाभो, इतक्या स्वच्छ अक्षराबद्दल आभार.

दोन्ही नावं तीन-तीन अक्षरांची धरून हे एकशे सात अक्षरं होतं. हिशोबात बसणारं. तरी तिचं पहिलं वाचन एकेचाळीस सेकंद झालं. वेग वाढवून उपयोग नव्हता, शब्द घसरायला लागले. अडचण शब्दांमधल्या फटींत होती. 'लेस' म्हणून थांबायचं, 'आब्लान' म्हणून थांबायचं, असं मराठी माणूस परकी भाषा वाचताना करतोच. स्पॅनिशमध्ये शब्दाचं शेवटचं व्यंजन पुढच्या स्वराला जाऊन चिकटतं, आणि दोन स्वर शेजारी आले की बहुतेक वेळा एका ठोक्यात बोलले जातात. आपल्या संधीसारखं, पण न लिहिलेलं. म्हणून मी वरचा कागद पुन्हा लिहिला आणि 'लेस आब्लान'चं 'लेसाब्लान' केलं, 'ला इन्दिया'चं 'लाइन्दिया', 'दोस आन्योस'चं 'दोसान्योस'. 'क्वारेन्ता आन्योस' मात्र सुटं ठेवलं, तिथे तिला स्वच्छ न्य हवा होता. पुढचं वाचन तेहतीस सेकंद. चार दिवस रोज जेवणानंतर दोनदा वाचून ते एकोणतीसच्या आत आलं.

रेकॉर्डिंगबद्दल फार नाही सांगत. ऑफिसच्या काचेच्या मीटिंग रूममध्ये आवाज घुमतो, म्हणून बेसमेंटमध्ये लीडच्या गाडीत काचा लावून केलं. गाडीत सीटचं कापड आणि फोम असतो, आवाज बसतो. फोन तोंडापासून वीतभर, थोडा बाजूला, म्हणजे 'प'ची हवा माइकवर आदळत नाही. व्हॉट्सअॅपवर थेट व्हॉइस नोट पाठवली तर आवाज दाबला जातो, कानाला ठीक पण हॉलच्या मोठ्या स्पीकरवर चिरका वाटू शकतो. म्हणून WAV फाइल डॉक्युमेंट म्हणून जोडून पाठवली. पाठवण्याआधी लांबी तपासली, कारण डीजेचा भरवसा नव्हता:

```
ffprobe -v error -show_entries format=duration -of csv=p=0 mensaje.wav
```

उत्तर आलं 28.640000.

तिथली शनिवारची रात्र आठ म्हणजे आपली रविवारची सकाळ साडेसात. साडेअकरा तासांचा फरक. मी उठून फोन बघत बसलो होतो. काही आलं नाही. रात्री मुलीचा संदेश आला. आमचा संदेश लागला तेव्हा मारियाची वादकांचं वाजवणं संपलं नव्हतं. हे तुतारीसारखी वाद्यं वाजवणारे लोक, आणि ग्वादालाहारा त्यांचंच राज्य आहे. पहिली दोन वाक्यं कुणालाच ऐकू आली नाहीत. तिसऱ्यापासून आली. 'लिब्रेतास' म्हटल्यावर पहिल्या टेबलावरचे काही लोक हसले. शेवटच्या वाक्याला काय झालं ते तिनं लिहिलं नाही. एवढंच लिहिलं की पप्पांनी आज सकाळी घरी परत लावायला सांगितला, पहिल्यापासून.

मग तिनं विचारलं की बोलणारी मुलगी कोण. मी सांगितलं, वह्या जिनं भरल्या ती, आणि तिला स्पॅनिश येत नाही. थोड्या वेळानं उत्तर आलं: मग तिनं वाचलं कशातून? मी सांगितलं, आमच्या लिपीत लिहून. त्यावर मालकांचीच व्हॉइस नोट आली, चार सेकंदांची. "इन्हे, तो कागद मला दाखवा."

माझ्याकडे प्रिंट होती, रेघा आणि टिंबं मारून मळलेली. तिचा फोटो काढून पाठवणार होतो. टेस्टरला कळवलं तर तिनं थांबवलं. सोमवारी ती ऑफिसला येताना दोन रेघी वहीचं एक पान घेऊन आली. सगळा मजकूर निळ्या शाईत पुन्हा लिहिलेला, प्रत्येक ऽ जागेवर, खाली तारीख. तारखेतल्या सातच्या पोटात तिनं आडवी रेघ मारली होती. तो आकडा तिनं तेवढा इंग्रजीत काढला होता.